शास्त्रीय मराठी गद्यातील क्रियावाचक नामे : उपयोग आणि अतिरेक

विद्यापीठीय प्रबंधांची मराठी जड असते, ही तक्रार नवी नाही. तक्रार करणारे बहुधा संस्कृत शब्दांना दोष देतात आणि त्यांच्या जागी सोपे देशी शब्द घालावेत असा उपाय सुचवितात. हे निदान अपुरे आहे. पुढील वाक्य पाहावे : ‘पिकांच्या पेरणीच्या मोजणीच्या मांडणीत झालेल्या चुकांच्या तपासणीची गरज आहे.’ या वाक्यात एकही तत्सम शब्द नाही. पेरणी, मोजणी, तपासणी हे शब्द तर शेतकऱ्याच्या व तलाठ्याच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. तरीही वाक्य एका वाचनात कळत नाही. याउलट ‘वैज्ञानिकाने प्रथम निरीक्षण केले, नंतर प्रमेय मांडले’ हे वाक्य तत्सम शब्द असूनही सहज कळते. तेव्हा भार शब्दांच्या कुळात नसून वाक्याच्या घडणीत आहे. पहिल्या वाक्यात पेरणे, मोजणे, मांडणे, चुकणे, तपासणे या पाच क्रिया घडल्या आहेत. पण पाचही नामांच्या रूपाने आल्या आहेत आणि क्रियापद म्हणून उरले आहे ते केवळ ‘आहे’.

क्रियेचा अर्थ पोटात बाळगणाऱ्या अशा नामांना येथे क्रियावाचक नामे म्हटले आहे. ती केव्हा कामाची असतात आणि केव्हा ओझे होतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

क्रियापद आणि क्रियावाचक नाम यांतील भेद भारतीय व्याकरणपरंपरेने फार पूर्वी ओळखला होता. यास्काने निरुक्ताच्या आरंभीच आख्यातात भाव प्रधान असतो व नामात सत्त्व प्रधान असते असे सांगितले आहे. क्रिया आरंभापासून शेवटापर्यंत घडत असलेली दाखवावयाची असेल तर आख्यात योजावे लागते; तीच क्रिया जणू मूर्त होऊन वस्तूसारखी समोर ठेवावयाची असेल तर नाम येते. पतंजलीनेही महाभाष्यात कृत्प्रत्ययाने सांगितलेला भाव द्रव्यासारखा होतो असे म्हटले आहे. द्रव्यासारखा होतो म्हणजे त्याला लिंग, वचन व विभक्ती लाभतात, विशेषणे लागतात, त्याची गणना करता येते. शास्त्रीय गद्याला या नामांची गरज का भासते याचे उत्तर या विधानातच आहे. आणि त्यांच्यामुळे काय गमावले जाते याचेही उत्तर त्यातच आहे.

मराठीत हे रूपांतर एका पायरीत होत नाही, ही गोष्ट मात्र पुरेशी लक्षात घेतली जात नाही. ‘तपासणे’ हा धातू उदाहरणादाखल घ्यावा. ‘शिक्षक वह्या दररोज तपासतात’ हे पूर्ण वाक्य झाले. त्याचे ‘शिक्षकांनी वह्या दररोज तपासणे’ असे रूप केले की ते नामासारखे वापरता येते : ‘शिक्षकांनी वह्या दररोज तपासणे आवश्यक आहे.’ परंतु या ‘-णे’ रूपाने क्रियापदाचा संसार अद्याप सोडलेला नाही. कर्ता ‘ने’ प्रत्यय घेऊन उभा आहे, कर्म आपल्या जागी आहे, ‘दररोज’ हे क्रियाविशेषण जसेच्या तसे आहे. नकारही सरळ करता येतो : ‘वह्या न तपासणे.’ ‘मुलांना जवळ बोलावून वह्या तपासणे’ अशी क्रियांची साखळीही चालते.

पुढच्या पायरीवर ‘तपासणी’ येते, आणि तिच्याच शेजारी परीक्षण, निरीक्षण, मूल्यमापन ही संस्कृत घडणीची नामे बसतात. येथे चित्र पालटते. ‘दररोज’ चालत नाही. ‘दररोजची’ किंवा ‘दैनंदिन’ असे विशेषण करावे लागते. नकारासाठी ‘तपासणीचा अभाव’ असे आणखी एक नाम आणावे लागते. कर्ता आणि कर्म दोघांनाही बहुधा ‘चा-ची-चे’ या एकाच दारातून आत यावे लागते. मात्र या पायरीवर जे मिळते ते ‘-णे’ रूपाला मिळत नाही : ‘पहिली तपासणी’, ‘दोन तपासण्या’, ‘कडक तपासणी’, ‘तपासणीचे निकष’ हे सारे म्हणता येते, ‘दोन तपासणे’ असे कोणी म्हणत नाही.

नोम चॉम्स्की यांनी १९७० साली नामीकरणावरील आपल्या निबंधात इंग्रजीच्या संदर्भात असाच भेद केला होता. एका प्रकारचे नामरूप वाक्याची आतली रचना राखते व जवळजवळ प्रत्येक धातूपासून होते. दुसऱ्या प्रकारचे शब्द पुरते नाम बनतात, ते सर्व धातूंपासून सारखे होत नाहीत आणि त्यांचे अर्थही स्वतंत्रपणे सरकतात. मराठीतही ‘-णे’ सर्व धातूंना लागते, पण ‘-णी’ लागेलच असे नाही. आणि लागली तरी अर्थ नियमाने ठरत नाही. ‘लावणे’ या धातूची ‘लावणी’ शेतात एक आहे आणि फडावर दुसरी. मराठी लेखकाच्या दृष्टीने या भेदाचा व्यावहारिक अर्थ असा की, क्रियापद आणि भारदस्त नाम या दोहोंच्या मध्ये ‘-णे’ची एक पायरी त्याला उपलब्ध आहे. तो ती बहुधा वगळतो.

ती वगळल्याने पहिली हानी कर्त्याची होते. ‘शिक्षकांचे मूल्यमापन’ या शब्दांचा अर्थ काय? शिक्षकांनी विद्यार्थ्यांचे केलेले मूल्यमापन, की कोणीतरी शिक्षकांचेच केलेले मूल्यमापन? षष्ठी दोन्ही अर्थ देते. ही अडचण संस्कृतातही होती आणि पाणिनीने तिची दखल घेतली आहे. कृदन्ताच्या योगात कर्ता व कर्म या दोहोंना षष्ठी होते असे सांगून (२.३.६५) तो लगेच पुढील सूत्रात म्हणतो की दोन्ही एकत्र आल्यास ती कर्मालाच व्हावी (२.३.६६). कर्ता मग सामान्यतः तृतीयेत राहतो व घोटाळा टळतो. मराठीने संस्कृतातून नामे घेतली, पण त्यांच्याबरोबर ही व्यवस्था आली नाही. ‘शिक्षकांनी विद्यार्थ्यांचे मूल्यमापन’ एवढेच म्हणणे मराठीत अपुरे वाटते. ‘शिक्षकांनी केलेले विद्यार्थ्यांचे मूल्यमापन’ असे ‘केलेले’ मध्ये घालावे लागते. म्हणजे संदिग्धता टाळावयाची तर ज्या क्रियापदाला बाहेर काढले होते त्याला मागच्या दाराने परत आणावे लागते, आणि वाक्य आणखी लांबते.

या सर्व गोष्टी एकत्र कशा घडतात हे पाहण्यासाठी प्रबंधाच्या सारांशात शोभेल असे एक वाक्य नमुन्यादाखल रचून पाहू :

‘ऊसतोड मजुरांच्या हंगामी स्थलांतरामुळे त्यांच्या पाल्यांच्या शालेय उपस्थितीत होणाऱ्या घटीच्या कारणांच्या विश्लेषणाच्या दृष्टीने प्रस्तुत संशोधनात मुख्याध्यापकांच्या मुलाखतींचे आयोजन करण्यात आले असून प्राप्त माहितीच्या वर्गीकरणानंतर निष्कर्षांची मांडणी करण्यात आली आहे.’

या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. परीक्षकही बहुधा त्यावर खूण करणार नाही. स्थलांतर, उपस्थिती, घट, विश्लेषण, संशोधन, मुलाखत, आयोजन, वर्गीकरण, निष्कर्ष आणि मांडणी अशी क्रियेचा अर्थ असलेली दहा नामे त्यात आहेत. क्रियापदे दोन आहेत आणि दोन्ही ठिकाणी ‘करण्यात येणे’ हीच रचना आहे. म्हणजे जे काही घडले ते सारे नामांत साठले आहे आणि क्रियापदांकडे ‘काहीतरी केले’ एवढेच सांगण्याचे काम उरले आहे. ‘घटीच्या कारणांच्या विश्लेषणाच्या दृष्टीने’ येथे तर षष्ठी सलग तीनदा आली आहे. मराठीत षष्ठीचे पद आपल्या विशेष्याच्या आधी येते. त्यामुळे वाचकाला एकेक पद हातात धरून शेवटच्या ‘दृष्टीने’पर्यंत थांबावे लागते, आणि तेथे पोहोचल्यावर मिळणारे पद अगदीच पोकळ निघते. ‘विश्लेषणाच्या दृष्टीने’ म्हणजे ‘विश्लेषणासाठी’. यापेक्षा अधिक काही त्यात नाही.

परंतु वाचकाची दमछाक हा या वाक्याचा लहान दोष झाला. मोठे दोष अर्थाचे आहेत, आणि ते तीन आहेत.

पहिला दोष ‘मुख्याध्यापकांच्या मुलाखती’ येथे आहे. मुख्याध्यापकांना प्रश्न विचारले, की मुख्याध्यापकांनी पालकांना प्रश्न विचारून उत्तरे आणून दिली? दोन्ही प्रकारे सर्वेक्षणे होऊ शकतात. पहिल्या प्रकारात पुरावा मुख्याध्यापकांच्या मताचा आहे, दुसऱ्यात पालकांच्या सांगण्याचा. संशोधनाची विश्वसनीयता ज्या गोष्टीवर ठरावयाची तीच षष्ठीत बुडून गेली आहे.

दुसरा दोष ‘उपस्थितीत होणारी घट’ या शब्दांचा आहे. ऊसगाळपाचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात मजुराच्या मुलाचे काय होते याच्या अनेक शक्यता आहेत. ते आईवडिलांबरोबर फडावर जाते व शाळेत मुळीच बसत नाही. ते त्यांच्याबरोबर जाते, पण कारखान्याच्या परिसरातील साखरशाळेत बसते. ते गावातच आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहते, तरीही शाळेत अनियमित येते. गावच्या हजेरीपटावर या तिन्ही मुलांची उपस्थिती घटलेली दिसेल. पण शिक्षण सर्वस्वी तुटले आहे ते पहिल्याचेच. ‘मुले येत नाहीत’ असे क्रियापदाने लिहावयास घेतले की कोणती मुले, कोठे, किती दिवस हे प्रश्न लेखकाला आपोआप पडतात. कारण क्रियापद कर्ता आणि काळ मागते. ‘घट’ काहीच मागत नाही.

तिसरा दोष सर्वांत सूक्ष्म व सर्वांत गंभीर आहे. वाक्य सांगते की घटीच्या कारणांचे विश्लेषण करावयाचे आहे. पण वाक्याच्या आरंभीच ‘स्थलांतरामुळे होणाऱ्या घटीच्या’ असे म्हणून मुख्य कारण गृहीत धरले आहे. जे शोधावयाचे तेच हातात घेऊन शोध सुरू झाला आहे. हे लेखकाच्या व परीक्षकाच्या नजरेतून निसटते, याचे कारण नामाच्या स्वभावात आहे. ‘स्थलांतरामुळे मुलांची उपस्थिती घटते’ हे विधान आहे. त्याला ‘हे खरे नाही’ असे उत्तर देता येते, त्याचा पुरावा मागता येतो. ‘स्थलांतरामुळे होणारी घट’ हे विधान नाही, ती एका वस्तूची ओळख आहे; आणि वस्तू आहे म्हटल्यावर ती खरोखर आहे की नाही असे कोणी विचारीत नाही. वाक्य नकारार्थी करून पाहिले म्हणजे ही गोष्ट पटते. ‘निष्कर्षांची मांडणी करण्यात आलेली नाही’ असा शेवट केला, तरी स्थलांतरामुळे उपस्थिती घटते हे म्हणणे जागचे हलत नाही. नकार त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. अशा रीतीने नाम हे न तपासलेल्या मताचे आश्रयस्थान होते.

आता तेच वाक्य क्रियापदांवर उभे करता येते : ‘ऊसतोड मजूर हंगामासाठी गाव सोडतात, त्या महिन्यांत त्यांची अनेक मुले गावच्या शाळेत येत नाहीत. ती का येत नाहीत हे शोधण्यासाठी मुख्याध्यापकांना प्रश्न विचारले आणि मिळालेली उत्तरे कारणांनुसार लावून त्यांवरून निष्कर्ष काढले.’ शब्द फारसे कमी झालेले नाहीत. पण मुलाखत कोणाची हे ठरले, शाळा कोणती हे ठरले. आणि स्थलांतर व अनुपस्थिती एकाच काळात घडतात एवढेच सांगून त्यांचा कार्यकारणसंबंध पुढच्या शोधासाठी मोकळा ठेवला गेला. ‘शोधण्यासाठी’ या ‘-णे’च्या रूपाने ‘विश्लेषणाच्या दृष्टीने’ या दोन पदांचे काम केले, हेही ध्यानात घ्यावे.

याचा अर्थ क्रियावाचक नामे टाळावीत असा मात्र नाही. वरील दोन वाक्यांनंतर प्रबंधाला पुढे जावयाचे असेल तर तिसरे वाक्य बहुधा असे येईल : ‘ही अनुपस्थिती सर्व मुलांच्या बाबतीत सारखी नसते.’ येथे ‘अनुपस्थिती’ हे नाम आवश्यक आहे. ते आधीच्या विधानाला गोळा करून नव्या विधानाचा विषय बनविते. त्याच्या जागी ‘ती मुले शाळेत येत नाहीत हे जे घडते ते’ असे लिहिणे हास्यास्पद होईल. मायकेल हॅलिडे यांनी इंग्रजी शास्त्रीय गद्याचा इतिहास तपासताना न्यूटनच्या १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकाशविषयक ग्रंथात हीच चाल दाखविली आहे : आधी प्रयोगात काय घडले ते क्रियापदाने सांगावयाचे, मग त्याच घटनेचे नाम करून त्याच्यावर पुढचा तर्क उभारावयाचा. या रूपांतराला त्यांनी व्याकरणिक रूपक म्हटले आणि त्याच्याशिवाय शास्त्रीय युक्तिवादाची साखळी जुळली नसती असे त्यांचे प्रतिपादन आहे.

भाषाविज्ञानातले एक साधे उदाहरण यासाठी पुरे होईल. मराठी शब्दाच्या शेवटी लिहिलेला अकार बहुधा उच्चारला जात नाही : घर, दगड, पाऊस. हे एकदा क्रियापदाने सांगून झाले की ‘अकारलोप’ हे नाम वापरण्याचा अधिकार प्राप्त होतो. मग विचारता येते : हा लोप कोठे थांबतो? शब्दान्ती जोडाक्षर असेल तर तो सामान्यतः होत नाही. ‘शब्द’, ‘कर्म’, ‘मित्र’ यांतील अकार ऐकू येतो. शब्दाच्या मध्ये होणारा लोप आणि अंती होणारा लोप यांचे नियम एकच आहेत काय? येथे लोप ही मोजता, विभागता व तोलता येणारी वस्तू झाली आहे. पतंजलीच्या भाषेत भाव द्रव्यासारखा झाला आहे, आणि शास्त्राला तेच हवे आहे. येथे प्रत्येक ठिकाणी नाम मोडून क्रियापद घातले तर विवेचन सोपे होणार नाही, उलट विस्कळीत होईल.

या दोन उदाहरणांतील फरक असा की अकारलोपाचे नाम आधी केलेल्या विधानातून मिळविलेले आहे, तर ‘स्थलांतरामुळे होणारी घट’ कोणतेही विधान न करता पैदा झाली आहे. म्हणून भाराची कसोटी नामांची संख्या ही नव्हे. त्या नामात गुंडाळलेली गोष्ट वाचकाला आधी वाक्यरूपाने सांगितली आहे काय, किंवा ती त्या शास्त्रात व्याख्येने स्थिर झाली आहे काय, हा प्रश्न विचारावा. ‘गळती’ हा शब्द शालेय शिक्षणाच्या अभ्यासात पारिभाषिक आहे. त्याची व्याख्या दिली की तो पुनःपुन्हा वापरता येतो. ‘उपस्थितीतील घट’ हा तसा शब्द नाही.

येथे इंग्रजी लेखनमार्गदर्शकांचा एक सल्ला मराठीत जसाच्या तसा आणण्याचा मोह टाळला पाहिजे. नामाच्या जागी त्याचे क्रियापद घालावे, असा तो सल्ला असतो. मराठीत हे नेहमी शक्य नाही. ‘तपासणी करणे’ याच्या जागी ‘तपासणे’ येईल, ‘वाचन करणे’ याच्या जागी ‘वाचणे’, ‘स्वीकार करणे’ याच्या जागी ‘स्वीकारणे’. पण ‘विश्लेषण करणे’, ‘संशोधन करणे’ यांना रूढ एकपदी धातू नाही. ही संयुक्त क्रियापदे मराठीची नेहमीची क्रियापदेच होत; ‘त्याने तीन वर्षे अभ्यास केला’ यात भार मुळीच नाही. भार सुरू होतो तो ‘अभ्यास’ आपल्या ‘करणे’पासून तुटून ‘अभ्यासाच्या पूर्ततेच्या प्रक्रियेत’ असा स्वतःचा गोतावळा जमवू लागतो तेव्हा. म्हणून नाम आणि त्याचे ‘करणे’ जवळ ठेवावे, आणि जेथे एकपदी धातू आहे तेथे तो वापरावा, एवढाच सल्ला मराठीला लागू पडतो.

‘करण्यात आले’ या रचनेबाबतही एक गैरसमज आहे. संशोधकाने स्वतःला मागे ठेवावे या संकेतापोटी ती वापरली जाते. शासकीय आदेशात ती उचित आहे, कारण तेथे आज्ञा देणारी व्यक्ती नसून सत्ता असते. परंतु शास्त्रीय गद्यात या संकोचासाठी तिची आवश्यकता नाही. मराठीच्या भूतकाळात सकर्मक क्रियापद सामान्यतः कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, आणि प्रथमपुरुषी कर्त्याची खूणही त्यावर उमटत नाही. ‘मुलाखती घेतल्या’, ‘नमुने गोळा केले’, ‘उत्तरे पडताळून पाहिली’ या वाक्यांत कर्ता उच्चारलेला नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. इंग्रजी लेखकाला यासाठी कर्मणी प्रयोगाकडे जावे लागते. मराठी लेखकाला ते सौजन्य भाषेच्या साध्या भूतकाळातच मिळाले आहे. मात्र क्रिया करणारे एकाहून अधिक असतील, म्हणजे प्रश्न एकाने विचारले व उत्तरे दुसऱ्याने नोंदविली असे असेल, तर कर्ता सांगितलाच पाहिजे. तेथे ‘घेतल्या’ आणि ‘घेण्यात आल्या’ हे दोन्ही सारखेच अपुरे आहेत.

प्रबंधाचा मसुदा तपासताना या विवेचनाचा उपयोग एका साध्या रीतीने करता येईल. परिच्छेदातील केवळ मुख्य क्रियापदे अधोरेखित करावीत. ती ‘आहे, होते, येते, करण्यात आले’ अशीच निघाली, तर क्रिया कोठे गेल्या ते नामांत शोधावे. सापडलेल्या प्रत्येक नामाचे पूर्ण वाक्य करून पाहावे. कर्ता कोण, काळ कोणता, हे लिहिता आले तर नाम ठेवावे की मोडावे हा निवडीचा प्रश्न राहील. लिहिता आले नाही, तर दोष शैलीचा नाही. ती गोष्ट संशोधनातच अद्याप ठरलेली नाही, आणि नामाने ती झाकली आहे.